रजेच्या शिल्लकेतून रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही वजा होत असतील तर काय तपासावे

मुंबईतल्या लहान-मध्यम कंपन्यांच्या रजेच्या आणि पगाराच्या नोंदी सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. दरवर्षी गौरी-गणपती आटोपून चाकरमानी गावाहून परतले की पहिल्या आठवड्यातच एक ठरलेली तक्रार येते: "मी सहाच दिवस रजेवर होतो, मग आठ दिवस कसे कापले?" तक्रार करणारा बहुतेक वेळा बरोबर असतो. रजा मोजणारा तक्ता किंवा प्रणाली शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा करून त्यात एक मिळवते आणि तेवढे दिवस शिल्लकेतून काढून टाकते. मधला रविवार, बंद असलेला शनिवार आणि चतुर्थीची सुट्टी तिच्या लेखी कामाचेच दिवस असतात, कारण कंपनीचे कॅलेंडर तिने उघडलेलेच नसते. हा दोष मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. फुकट आणि पाच मिनिटांत होणारी गोष्ट आधी आणि प्रोग्रामला हात लावणे सर्वांत शेवटी, हा तो क्रम.

लक्षणे

सोमवार ते शुक्रवार यांच्या आत बसणाऱ्या रजा बरोबर कापल्या जातात आणि रविवार ओलांडणारी रजा मात्र जास्त कापली जाते, हे सर्वांत ठळक लक्षण आहे. वर्षभर दोष कोणाच्या लक्षात का येत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे, कारण बहुतेक रजा एक-दोन दिवसांच्या असतात.

दुसरे लक्षण तक्त्यात दिसत नाही, ते माणसांच्या वागण्यात दिसते. एकाच गावच्या फेरीसाठी कर्मचारी दोन अर्ज करू लागतात: एक शनिवारपर्यंतचा आणि दुसरा सोमवारपासूनचा. कोणी तरी ही युक्ती शोधलेली असते आणि ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कळलेली असते. रविवारला चिकटून तुटलेले असे जोडअर्ज नोंदींत पुष्कळ आढळले, तर दोष जुना आहे असे समजावे.

तिसरे लक्षण हजेरीपटात सापडते, आणि तक्रार येण्याआधीच दोष पकडायचा असेल तर हेच उपयोगी पडते. एका कर्मचाऱ्याचे महिन्यातले हजर दिवस, रजेचे दिवस, साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या सुट्ट्या यांची बेरीज त्या महिन्याच्या दिवसांइतकीच यायला हवी. ऑगस्टची बेरीज ३१ ऐवजी ३३ आली, तर दोन दिवस दोन ठिकाणी मोजले गेले आहेत: एकदा सुट्टी म्हणून आणि एकदा रजा म्हणून.

आधी नियम वाचावा

तक्त्याला हात लावण्यापूर्वी कंपनीचे रजेचे नियम काढून वाचावेत, कारण जे चुकले आहे असे वाटते तेच कदाचित लेखी धोरण असते. रजेच्या दोन दिवसांमध्ये अडकलेली सुट्टीही रजाच धरायची, या प्रथेला कार्यालयांत सगळे 'सँडविच' म्हणतात. राज्य शासनाच्या सेवेत तर दोन्ही पद्धती एकाच छपराखाली चालतात. नैमित्तिक रजेच्या मध्ये आलेली सुट्टी मोजली जात नाही, अर्जित रजेच्या मध्ये आलेली मोजली जाते, आणि अर्जित रजेच्या आधी किंवा नंतर सुट्टी जोडून घेण्यास परवानगी दिली जाते. याच्या उलट, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ मधील रजा सर्व सुट्ट्या वगळून मोजायची होती, मग ती सुट्टी रजेच्या मध्ये येवो किंवा टोकाला.

म्हणून प्रश्न रजेच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा विचारावा लागतो: या प्रकारात मधली सुट्टी मोजायची आहे का? अनेक तयार प्रणालींमध्ये रजेच्या प्रकारापुढे याच अर्थाची एक चौकट असते आणि तिच्यात कोणी तरी चुकून टिक करून ठेवलेली असते. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी काही केवळ ती टिक काढल्याने मिटल्या आहेत. नियमांत याबद्दल काहीच लिहिलेले नसेल, तर निर्णय व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावा आणि मगच पुढे जावे. धोरण ठरवणे हे तक्ता सांभाळणाऱ्याचे काम नव्हे, आणि ते आपण गुपचूप ठरवले तर पुढच्या तक्रारीला उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

चार अर्जांची चाचणी

धोरण स्पष्ट असेल आणि तरीही कपात चुकत असेल, तर भिंतीवरचे कॅलेंडर काढून हाताने मोजलेले आणि पडद्यावर दिसणारे आकडे शेजारी मांडावेत. एखाद्या चाचणी कर्मचाऱ्याच्या नावे चार अर्ज केले की दोष नेमका कोणत्या थरात आहे हे कळते. खालचा हिशेब २०२५ च्या तारखांचा आहे, आणि कंपनी रविवारी तसेच दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असते असे धरले आहे. आपल्या वर्षासाठी याच ठेवणीच्या तारखा निवडाव्यात.

पहिला अर्ज फक्त बुधवार, १० सप्टेंबरचा. उत्तर १ यायला हवे. ० आले, तर कोणी तरी सूत्रातला 'अधिक एक' काढून टाकला आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे. एका कंपनीत रविवार ओलांडणाऱ्या रजेत एक दिवस जास्त कापला जातो, म्हणून तिथल्या माणसाने सगळ्याच रजांतून एक दिवस कमी केला. आठवडाभराच्या रजा बरोबर दिसू लागल्या, आणि एका दिवसाच्या रजा पाच महिने फुकट मिळत राहिल्या. साहजिकच त्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

दुसरा अर्ज शुक्रवार, १२ सप्टेंबर ते सोमवार, १५ सप्टेंबर. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार येतात, म्हणून उत्तर २ हवे. ४ आले तर साप्ताहिक सुट्टी मोजणीत आलेलीच नाही. ३ आले तर रविवार वगळला जातो, पण शनिवारचा नियम प्रणालीला ठाऊक नाही.

तिसरा अर्ज बुधवार, १ ऑक्टोबर ते शुक्रवार, ३ ऑक्टोबर. उत्तर २ हवे, कारण २ ऑक्टोबरला सुट्टी होती. ३ आले तर सणांची यादी जोडलेली नाही. १ आले तर प्रकरण अधिक मजेशीर आहे: २०२५ मध्ये गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले होते. सुट्ट्यांच्या यादीत दोन्ही ओळी स्वतंत्र असतील आणि प्रणाली तारखा न मोजता ओळी मोजत असेल, तर एक दिवस दोनदा वजा होतो.

चौथा अर्ज शुक्रवार, २९ ऑगस्ट ते सोमवार, १ सप्टेंबर. यातला शनिवार, ३० ऑगस्ट हा महिन्यातला पाचवा शनिवार होता, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कंपनीत कामाचा दिवस. उत्तर ३ हवे. २ आले तर प्रणाली प्रत्येक शनिवार सुट्टीचा धरते आहे.

एकाच अर्जावर समाधान का मानू नये, हे मला एका गणपतीच्या रजेने शिकवले. अंधेरीतल्या एका कार्यालयातील कर्मचाऱ्याने मंगळवार, २६ ऑगस्ट ते मंगळवार, २ सप्टेंबर २०२५ अशी रजा घेतली होती. कॅलेंडरचे दिवस आठ. त्यातून २७ तारखेची गणेश चतुर्थी आणि ३१ तारखेचा रविवार गेला की सहा उरतात. ३० तारीख पाचव्या शनिवारची असल्याने ती रजेतच मोजायची. त्याच्या शिल्लक ११ दिवसांतून ८ गेले होते आणि ३ उरले होते, प्रत्यक्षात ५ उरायला हवे होते. तिथल्या लेखापालांनी स्वतःच सूत्र बदलले, उत्तर ६ आले आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले. पण नवे सूत्र शनिवार आणि रविवार दोन्ही वगळत होते आणि सणांची यादी मुळीच पाहत नव्हते. त्याने पाचवा शनिवार चुकून वगळला आणि चतुर्थी चुकून मोजली, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकून टाकले. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची रजा आली तेव्हा तक्रार पुन्हा दारात उभी राहिली.

कॅलेंडर कोणाचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या गावाचे

तिसऱ्या अर्जाचे उत्तर ३ आले, तर प्रणाली बिघडलेली नसून तिच्या हातात योग्य कॅलेंडर नाही, अशी शक्यता आधी तपासावी. खर्च शून्य आहे आणि वेळ फार तर अर्धा तास लागतो.

कर्मचाऱ्याच्या नोंदीला कॅलेंडर जोडलेले आहे का, हे पहिले पाहावे. वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्या माणसांच्या बाबतीत ती जागा रिकामी राहून जाते, आणि मग तक्रार फक्त नव्या लोकांकडून येते. त्यानंतर वर्ष पाहावे. डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन जानेवारीत संपणारी रजा दोन कॅलेंडरांवर पसरलेली असते, आणि पुढच्या वर्षाची यादी जानेवारी उजाडल्यावर भरण्याची सवय असेल, तर त्या अर्जात नव्या वर्षाची एकही सुट्टी दिसणार नाही.

इंटरनेटवरून तयार यादी उतरवून घेणे सोपे असते, पण ती पुरत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत, तर उरलेल्या चार मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने ठरतात. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन कंपन्यांची यादी निराळी असू शकते, आणि तशी ती असतेच. आपल्या कंपनीने वर्षारंभी सूचनाफलकावर लावलेली सही-शिक्क्याची यादी हाच आधार मानावा आणि प्रणालीतली प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून पाहावी.

मुंबईत याच्याही पुढचा एक पेच आहे. चंद्रदर्शनावर आणि मिरवणुकांवर अवलंबून असलेल्या सुट्ट्या ऐन वेळी हलतात. ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी जवळजवळ आल्यामुळे २०२३ मध्ये ईदची सुट्टी २८ सप्टेंबरवरून २९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये मुंबईपुरती १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, आणि २०२५ मध्ये मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांसाठी ५ वरून ८ सप्टेंबरला गेली. शेवटच्या बदलात राज्यातल्या इतर जिल्ह्यांची सुट्टी मात्र ५ तारखेलाच राहिली.

हा बदल पाळणाऱ्या एका कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत आणि एक शाखा पुण्यात होती, आणि दोन्हींना एकच कॅलेंडर जोडलेले होते. सोमवार, ८ ते बुधवार, १० सप्टेंबर अशी रजा मुंबईतल्या माणसाने घेतली तर दोन दिवस आणि पुण्यातल्या माणसाने घेतली तर तीन दिवस कापायला हवेत. जुन्या तारखेचे कॅलेंडर दोघांचेही तीनच कापते, आणि मुंबईसाठी ते दुरुस्त केले की दोघांचेही दोनच कापू लागते. एका कॅलेंडरात हे बसणारच नाही. गावागणिक वेगळे कॅलेंडर करावे लागते आणि ते कर्मचाऱ्याच्या कामाच्या ठिकाणाशी जोडावे लागते. शिवाय सुट्टी हलली की आधीच मंजूर झालेल्या, पण ती तारीख पोटात असलेल्या रजा पुन्हा मोजाव्या लागतात. अर्ज मंजूर होतानाच आकडा कायमचा लिहून ठेवणाऱ्या प्रणालीत हे आपोआप घडत नाही.

तक्त्यातले सूत्र

रजा साध्या तक्त्यात मोजली जात असेल, तर मूळ दोष बहुधा असा दिसतो:

```
=B2-A2+1
```

त्याऐवजी पुढील सूत्र वापरावे. यात ११ या अंकाचा अर्थ 'साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार' असा आहे, आणि शेवटचा भाग म्हणजे सुट्ट्यांची यादी.

```
=NETWORKDAYS.INTL(A2,B2,11,$H$2:$H$60)
```

दुसरा आणि चौथा शनिवार या सूत्राला समजत नाही. त्याला आठवड्याचे वार कळतात, महिन्यातला कितवा शनिवार हे कळत नाही. म्हणून ते शनिवार सणांच्याच यादीत तारखा म्हणून भरावे लागतात: वर्षाचे चोवीस, आणि त्यांच्या खाली सणाच्या सुट्ट्या. तारखा शोधताना एवढे लक्षात ठेवले की पुरे: दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांत आणि चौथा २२ ते २८ या तारखांत येतो. २९ किंवा त्यापुढचा शनिवार पाचवा असतो. यादीतली एखादी तारीख रविवारी आली तरी हे सूत्र ती दोनदा वजा करत नाही, आणि हाताने रचलेल्या 'एकूण उणे रविवार उणे सण' अशा हिशेबापेक्षा ते सुरक्षित आहे ते त्यामुळेच. २६ जानेवारी २०२५ हा रविवार होता. २४ ते २८ जानेवारीच्या रजेत योग्य उत्तर ३ आहे, कारण २५ तारखेला चौथा शनिवार होता. हाताने रचलेला हिशेब मात्र एकच दिवस रविवार म्हणूनही वजा करतो आणि प्रजासत्ताक दिन म्हणूनही, आणि २ सांगतो.

सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकत असेल, तर दोन जागा पाहाव्यात. पहिली म्हणजे डॉलरची चिन्हे. ती नसतील, तर सूत्र खाली ओढताना यादीची कक्षाही एकेक ओळ खाली सरकते आणि यादीच्या माथ्यावरच्या तारखा एकामागून एक गळू लागतात. वरच्या ओळीतल्या कर्मचाऱ्यांचे हिशेब बरोबर आणि खालच्यांचे चुकलेले, असे दिसले की दुसरे काही शोधत बसू नये.

दुसरी जागा म्हणजे तारखा खरोखर तारखा आहेत का. संगणकाची मांडणी महिना आधी आणि दिवस नंतर अशी असेल, तर आपण दिवस आधी लिहून भरलेली 05/09/2025 ही तारीख निमूटपणे ९ मे होते, आणि 27/08/2025 ही तारीख न होता नुसता मजकूर म्हणून राहते, कारण सत्ताविसावा महिना नसतो. डोळ्यांना दोन्ही ठीकच दिसतात. शेजारच्या स्तंभात पुढील दोन सूत्रे लावली की सत्य कळते:

```
=ISNUMBER(H2)
=TEXT(H2,"dd-mmm-yyyy")
```

पहिल्याचे उत्तर प्रत्येक ओळीत TRUE यायला हवे, आणि दुसऱ्यात महिन्याचे नाव अक्षरांत दिसते, त्यामुळे मे आणि सप्टेंबर यांची अदलाबदल लपत नाही.

स्वतःची प्रणाली असेल तर

रजेसाठी कंपनीने स्वतःचा प्रोग्राम करून घेतला असेल, तर दिवस मोजणाऱ्या जागी बहुधा DATEDIFF(to_date, from_date) + 1 एवढेच लिहिलेले सापडते. त्यात रविवार वगळण्याचे एक ठिगळ, सण वगळण्याचे दुसरे आणि शनिवारचे तिसरे अशी भर घालत जाण्याचा मोह होतो. तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण वर दाखवलेली दुहेरी वजाबाकी अशा ठिगळांमधूनच जन्मते. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला आणि प्रत्येक ठिकाणाला एक ओळ असलेला कॅलेंडरचा तक्ता करावा, तो दिवस कामाचा आहे की नाही एवढेच त्यात लिहावे, आणि रजा मोजताना त्यातले कामाचे दिवस मोजावेत:

```
SELECT COUNT(*)
FROM company_calendar
WHERE location = 'MUM'
  AND cal_date BETWEEN '2025-09-08' AND '2025-09-10'
  AND is_working = 1;
```

एका तारखेला एकच ओळ असल्याने दसरा आणि गांधी जयंती एकत्र आली तरी बिघडत नाही. या पद्धतीचा धोका मात्र उलट्या बाजूचा आहे: पुढच्या वर्षाच्या ओळी भरल्याच नसतील, तर त्या वर्षातली रजा शून्य दिवसांची ठरते. म्हणून प्रत्येक ठिकाणाच्या वर्षभराच्या ओळी ३६५ (लीप वर्षी ३६६) आहेत का, हे आधी मोजावे, आणि कमी भरल्या तर प्रणालीने अर्ज स्वीकारूच नये अशी सोय करून घ्यावी.

एक शेवटचा सापळा तारखेसोबत वेळही, आणि तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, साठवणाऱ्या प्रणालींत असतो. भारतातल्या मध्यरात्रीचे बारा म्हणजे यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. २७ ऑगस्टची रजा त्यामुळे २६ ऑगस्ट म्हणून साठवली जाते. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकेक दिवस मागे सरकत असल्याने नुसती वजाबाकी करणाऱ्या जुन्या सूत्रात हे कधीच उघड होत नाही. कॅलेंडर जोडल्यावर मात्र सोमवारी सुरू होणाऱ्या रजा एक दिवस कमी कापल्या जाऊ लागतात, कारण त्यांचा पहिला दिवस रविवारी जाऊन पडलेला असतो. दुरुस्तीनंतर लगेच असे दिसले, तर नव्या मोजणीला दोष न देता तारखा कशा साठवल्या आहेत ते पाहावे.

जुन्या चुकीच्या कपाती

सूत्र दुरुस्त झाल्याने आधी कापलेले दिवस परत येत नाहीत. चालू वर्षातला प्रत्येक मंजूर अर्ज नव्या पद्धतीने मोजून फरकाची यादी काढावी लागते:

```
SELECT l.id, l.days_deducted,
       COUNT(c.cal_date) AS days_correct
FROM leave_application l
LEFT JOIN company_calendar c
  ON c.cal_date BETWEEN l.from_date AND l.to_date
 AND c.location = l.location
 AND c.is_working = 1
GROUP BY l.id, l.days_deducted
HAVING l.days_deducted <> COUNT(c.cal_date);
```

यात मंजूर न झालेल्या, मागच्या वर्षांतल्या आणि अर्ध्या दिवसाच्या रजाही फरक म्हणून येतील, त्या बाजूला काढाव्यात. ज्या रजाप्रकारांत मधली सुट्टी मोजायचीच आहे, तेही वगळावेत. आणि ठिकाण अर्जाच्या नोंदीतले घ्यावे, कर्मचाऱ्याच्या आजच्या नोंदीतले घेऊ नये. जूनमध्ये पुण्याहून मुंबईला बदलून आलेल्या माणसाची मार्चमधली रजा पुण्याच्याच कॅलेंडरने मोजली पाहिजे.

फरक सापडल्यावर जुना आकडा खोडून नवा लिहिण्यापेक्षा दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी, जसे 'दि. २६.०८.२०२५ ते ०२.०९.२०२५ च्या रजेत २ दिवस जादा वजा, जमा केले'. कर्मचाऱ्याने आपल्या जुन्या पगारपत्रकावरची शिल्लक आजच्या शिल्लकेशी ताडली, तर मधला फरक कुठून आला हे त्याला त्या ओळीतून दिसते. ज्यांचे दिवस कमी कापले गेले होते त्यांच्याकडून ते वसूल करायचे की सोडून द्यायचे, हा प्रश्नही यादीतून उभा राहतोच. त्याचे उत्तर व्यवस्थापनाने द्यावे.

कुठे थांबावे

तयार विकत घेतलेल्या प्रणालीत कॅलेंडर नीट जोडलेले आहे, रजेच्या प्रकारापुढची चौकट बरोबर आहे आणि तरीही चार अर्जांपैकी एखाद्याचे उत्तर चुकते आहे, अशी स्थिती आली की तिच्या डेटाबेसमध्ये स्वतः शिरू नये. विक्रेत्याच्या मदत विभागाला ते चार अर्ज, अपेक्षित आणि आलेली उत्तरे, आणि कर्मचाऱ्याला जोडलेल्या कॅलेंडरचे पडद्याचे चित्र एवढे पाठवावे. 'रजा चुकते आहे' या एका वाक्याच्या तक्रारीवर आठवडा निघून जातो, आणि या चार ओळींवर बहुधा त्याच दिवशी उत्तर येते.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी माणसागणिक आणि आठवड्यागणिक बदलत असेल, तर वरची कोणतीही कंपनी-व्यापी यादी पुरणार नाही. तिथे रजा पाळीपत्रकावरून मोजावी लागते, आणि ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेच द्यावे.

चुकीच्या कपातीमुळे कोणाची शिल्लक संपून पुढचे दिवस बिनपगारी धरले गेले असतील, तर विषय रजेपुरता राहत नाही. त्या महिन्याचा पगार कमी दिला गेलेला असतो, आणि त्यासोबत भविष्यनिर्वाह निधीची वर्गणीही कमी भरली गेलेली असू शकते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या अंतिम हिशेबात रजेचे रोखीकरण कमी झाले असेल, तेव्हाही तसेच. असा एकही अर्ज फरकाच्या यादीत दिसला, तर आपण फक्त यादी पूर्ण करावी, आकड्यांना हात लावू नये, आणि ती पगाराचे काम पाहणाऱ्या सल्लागाराकडे किंवा कामगार कायद्याच्या सल्लागाराकडे त्या महिन्याच्या हजेरीपटासह सोपवावी.